पावसाळ्याच्या तोंडावर रेनकोट आणि उन्हाच्या टोप्यांसाठी साहेबांना पत्र लिहायचंय, मसुदा बघून सांगा

यार्डवाला · २१ एप्रिल, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. शॉपमधला नाही, बाहेरचा. गेट, वजनकाटा, यार्ड, बाग आणि झाडलोट हे सगळं माझ्याकडं. माणसं १४.

गेल्या वर्षी जून संपता संपता पत्र दिलं होतं. ते असं होतं: "आपल्या बाहेरील कर्मचाऱ्यांना पावसाचा फार त्रास होत आहे, तरी सर्वांना रेनकोट मिळावेत ही विनंती." ते तीन आठवडे टेबलावर पडून राहिलं आणि मग सहा पोंचो आले. पातळ प्लॅस्टिकचे, वरून घालायचे. गेटवर दोन, काट्यावर एक, यार्डात दोन, बागेला एक. म्हणजे माणसाला नव्हे, जागेला एक. पहिल्या पाळीतला उतरवून जायचा आणि दुसऱ्या पाळीतला तोच आतून ओला, घामट पोंचो अंगावर चढवायचा. महिनाभराच्या आत चार काखेत फाटले. दोघांना मांड्यांत आणि काखेत गजकर्ण झालं, त्यातल्या एकानं आठवडाभर खाडा केला.

आणि एक गोष्ट मला अजून झोपेत दिसते. काट्यावर ट्रक मागं घेताना आमचा एक गार्ड हात दाखवत होता. पाऊस तिरका. त्यानं मान वळवली, पण पोंचोची टोपी मानेबरोबर वळली नाही, ती समोरच बघत राहिली. त्याचा एक डोळा प्लॅस्टिकच्या आत. ट्रकचा फाळका त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबला, तोसुद्धा मी ओरडलो म्हणून.

यंदा लवकर पत्र द्यायचंय, आणि टोप्यांचंही त्यातच घालायचंय. यार्डात सगळा काँक्रीट, दुपारी खालूनही भाजतं. पत्र कसं लिहू म्हणजे ते पडून राहणार नाही?

---

शिरोलीकर · २१ एप्रिल, रात्री ९:५१

भावा, विनंती कशाला करतोस? कायद्यानं द्यावंच लागतं. पत्रात सरळ लिही, रेनकोट, गमबूट, टोपी दिली नाही तर लेबर ऑफिसरकडं तक्रार करणार. दुसऱ्या दिवशी माल येतो का नाही बघ.

---

उचगावचा · २१ एप्रिल, रात्री १०:१५

पत्रबित्र कशाला? बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा. ९० दिवस काम केल्याचा दाखला जोडला की सुरक्षा संचाची पेटी मिळते. माझ्या चुलत्याला मिळालीय.

---

यार्डवाला · २१ एप्रिल, रात्री १०:३२

दादा, ते मंडळ बांधकामावरच्या माणसांचं. माझ्याकडं माळी, झाडूवाल्या बायका आणि गेटवरचे गार्ड आहेत, त्यांना तिथं कसं बसवणार? खोटा दाखला मी देणार नाही.

---

जुना स्टोअरकीपर · २२ एप्रिल, सकाळी ६:४०

३१ वर्षं स्टोअर आणि खरेदी बघितली, आता घरी असतो. अशी पत्रं शेकड्यांनी माझ्या हाताखालून गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचं गेल्या वर्षीचं पत्र कुणी नाकारलं नव्हतं. त्यावर सहीच करता येत नव्हती. साहेबानं "सर्वांना रेनकोट" वाचलं, सर्व म्हणजे किती? फाईल खरेदीकडं गेली, खरेदीवाल्यानं विचारलं, कसला रेनकोट, कोणत्या मापाचा, काय भावानं? उत्तर कुणाकडंच नाही. मग जुलैत पाऊस डोक्यावर आला तेव्हा कुणीतरी घाईनं बाजारात गेला, दुकानात लटकलेलं सगळ्यात स्वस्त दिसलं ते आणि माणसांऐवजी जागा मोजून सहा घेऊन आला. साहेब कंजूष असेलही, मला माहीत नाही. पण पत्रातली रिकामी जागा दुसऱ्या कुणीतरी भरली, ती स्वतःच्या समजुतीनं.

म्हणून पत्रात पहिली ओळ माणसांची. तुम्ही १४ म्हणता. गेट-काटा तीन पाळ्यांत चालतो ना? पाळीला दोन म्हणजे सहा. मग त्यांना साप्ताहिक सुट्टी कोण देतो?

---

यार्डवाला · २२ एप्रिल, सकाळी ७:०५

काका, बरोबर पकडलंत. रिलीव्हर एक आहे. रोज कुणाच्या तरी जागी उभा असतो म्हणून माझ्या मोजणीतच नव्हता. मग १५. गार्ड सात, बाग-झाडलोट पाच (त्यात चार बायका), यार्डात लोडिंगला तीन.

---

जुना स्टोअरकीपर · २२ एप्रिल, सकाळी ७:३०

बघा, तोच माणूस जुलैत दुसऱ्याचा ओला कोट घालून उभा राहिला असता.

आता वस्तू. १५ जणांना एकच माल मागू नका. गार्डला आणि लोडिंगवाल्यांना जॅकेट-पँटचा सूट हवा. जॅकेटची टोपी गळ्याशी दोरीनं आवळता आली पाहिजे, म्हणजे मान वळली की टोपीही वळते. पाठीवर आणि बाह्यांवर चमकपट्टी. तुमचा वजनकाट्याचा प्रसंग पत्रात दोन ओळींत जरूर लिहा, पण रागानं नको, घडला तसा. त्यानं साहेबाला कळतं की पोंचो पुन्हा का नको.

माल बघायला स्वतः जा. कोट उलटा करा, आतल्या शिलाईवर पट्टी चिकटवलेली दिसते का बघा. नसेल तर कापड कितीही जाड असो, पाणी टाक्यातून आत येतंच. दुकानदाराला सांगून काखेच्या शिलाईचा भाग खोलगट धरा, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि पाच मिनिटं धरून ठेवा. खालून थेंब आला तर तो कोट आषाढ काढणार नाही. मी प्रत्येक लॉटमधला एक कोट असाच बघायचो.

टोप्या आताच मागा, रेनकोटाबरोबर नको. उन्हाळा तर निम्मा सरलाय. एकाच पत्रात दोन तारखा घाला.

---

गगनबावडेकर · २२ एप्रिल, सकाळी ८:४८

आमच्याकडं लावणीला अजून इरलं आणि खोळच चालते. वाकून काम करणाऱ्याला त्याच्यासारखं काही नाही, पाठ कोरडी आणि हात मोकळे. तुमच्या माळ्यांना इरली द्या, स्वस्त पडतील. पोंचो वाईट म्हणता, पण तोही वाकणाऱ्याला चालतो.

---

जुना स्टोअरकीपर · २२ एप्रिल, सकाळी ९:१०

लावणीला खरं आहे, तिथं माणूस तासन् तास एकाच बाजूला वाकलेला असतो. कारखान्यात माळी वाकतो, उठतो, ढकलगाडी ओढतो. इरलं गाडीला अडकतं आणि लोंबता पोंचो चाकात जातो. बावड्याचा पाऊस तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता, पण इथं कोटच बरा.

---

बागेतली मुकादम · २२ एप्रिल, दुपारी १:२५

राजारामपुरीतल्या एका बागेवर माझ्या हाताखाली अकरा बायका आहेत. तुमच्या चार बायकांसाठी लिहितेय, कारण ही चूक आमच्याकडं दोन वर्षं झाली.

आम्हाला सूट दिले. साडीवर पँट कशी चढवायची? पँटी पिशवीतच राहिल्या, घरी गेल्या आणि पोरांनी शाळेला घातल्या. जॅकेट कमरेपर्यंत, त्याखाली साडी चिंब. ओली साडी पायाला गुंडाळते, झाडता झाडता अडखळून बाई पडते. आमची एक पडलीही, मनगट मोडलं. तिसऱ्या वर्षी मी मागितले ते पुढून बटणांचे लांब कोट, पोटरीपर्यंत येणारे, खालून मागे चिरलेले म्हणजे पाऊल टाकता येतं. ते रोज वापरात आले.

आणि माप घेताना बायकांना विचारायला पुरुष पाठवू नका. सगळ्या "एल" म्हणतात आणि विषय संपवतात. मी स्वतः टेप घेऊन बसले तेव्हा पाच जणींना एक्सएल निघाला. साडी, ब्लाऊज आणि वर पदर, एवढं आत मावलं पाहिजे.

---

यार्डवाला · २२ एप्रिल, रात्री ९:४०

ताई, खूप उपकार. मी १५ सूटच मागणार होतो. उद्या ऑफिसमधल्या मॅडमना विनंती करतो, त्या चौघींची मापं घेतील.

टोप्यांचं विचारायचं राहिलं. क्रिकेटची पुढं झडप असलेली टोपी ५० रुपयांत मिळते. चालेल?

---

बागेतली मुकादम · २२ एप्रिल, रात्री १०:००

नको. तिच्यात कपाळ तेवढं वाचतं, कान आणि मान भाजतात. वाकून काम करणारीचं ऊन मानेवरच येतं. सगळीकडून तीन बोटं तरी काठ हवा, सुती कापड, फिका रंग आणि हनुवटीखाली बांधायला नाडी. नाडी नसली तर वळवाच्या वाऱ्यात टोपी पहिल्या दिवशी उडते.

---

जुना स्टोअरकीपर · २२ एप्रिल, रात्री १०:२०

यार्डातल्या तिघांना मात्र ती टोपी मागू नका. लोडिंगला ते हेल्मेट घालत असणार. काठाची टोपी घालून वर हेल्मेट चढवलं तर ते डोक्यावर नीट बसत नाही आणि माणूस हेल्मेट काढून ठेवतो. त्यांच्यासाठी हेल्मेटला मागं लावायची कापडी झालर मिळते, मानेवर पडणारी. सेफ्टीचं सामान विकणाऱ्याकडं विचारा.

---

शिरोलीकर · २३ एप्रिल, सकाळी ८:१५

एवढं सगळं करून साहेब म्हणाला "निम्मे पैसे पगारातून कापू", तर? म्हणून म्हणतोय कायदा घाला.

---

जुना स्टोअरकीपर · २३ एप्रिल, सकाळी ९:००

या प्रश्नावर तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामाच्या जागी सुरक्षा आणि आरोग्यासाठी मालक जे देतो त्याचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, असं तिच्यात आहे. पगारातून कापायची गोष्ट निघाली तर हे शांतपणे सांगावं. पण पहिल्याच पत्रात तक्रारीची धमकी घातली की ते पत्र खरेदीकडं न जाता वकिलाकडं जातं, आणि तिथून मृगाच्या आधी परत येत नाही. यार्डवाल्यांना ७ जूनच्या आत कोट हवेत, खटला नको.

मला एक वेगळीच काळजी आहे. तुमचे सात गार्ड कंपनीच्या पगारावर आहेत की एजन्सीचे?

---

यार्डवाला · २३ एप्रिल, रात्री ९:१५

एजन्सीचे आहेत. बाकी आठ कंपनीच्या पटावर.

---

जुना स्टोअरकीपर · २३ एप्रिल, रात्री ९:३५

मग गाडी इथंच अडकणार. साहेब म्हणेल एजन्सीनं द्यावं, एजन्सी म्हणेल आमच्या दरात धरलेलं नाही. एजन्सीच्या वर्कऑर्डरमध्ये युनिफॉर्म आणि साहित्याचं कलम कसं आहे ते एचआरकडून बघून घ्या. आणि पत्रात दोन्ही रकमा वेगळ्या दाखवा, म्हणजे सातांचा वाद चालू असला तरी आठांची मंजुरी थांबणार नाही.

---

यार्डवाला · २६ एप्रिल, रात्री ८:५०

शनिवारी लक्ष्मीपुरीत तीन दुकानं फिरलो. दोन ठिकाणी आत पट्टी नव्हती. तिसऱ्या दुकानात पाणी ओतून बघितलं, थेंब आला नाही. त्या दुकानाचं कोटेशन घेतलंय. हा मसुदा:

> दिनांक : २७ एप्रिल
>
> प्रति,
> मा. व्यवस्थापक (प्रशासन)
>
> विषय : बाहेरील कामावरील १५ कर्मचाऱ्यांसाठी उन्हाच्या टोप्या (१० मेपूर्वी) व पावसाळी साहित्य (१ जूनपूर्वी) मिळणेबाबत
>
> महोदय,
>
> माझ्या देखरेखीखाली गेट व वजनकाट्यावर ७ (रिलीव्हरसह), बाग व झाडलोटीवर ५ आणि यार्डात ३ असे १५ कर्मचारी काम करतात. त्यांच्या कामाचा बहुतेक वेळ उघड्यावर जातो.
>
> मागील वर्षी दिलेले ६ पोंचो पाळीनुसार एकमेकांचे वापरावे लागले. त्यातील ४ पहिल्या महिन्यातच फाटले. ओले कपडे अंगावर राहिल्याने दोघांना त्वचेचा विकार झाला व एक कर्मचारी आठवडाभर कामावर येऊ शकला नाही. तसेच वजनकाट्यावर ट्रक मागे घेताना पोंचोच्या टोपीमुळे गार्डला बाजूचे दिसले नाही आणि अपघात थोडक्यात टळला. म्हणून या वर्षी साहित्य जागेप्रमाणे न देता व्यक्तीप्रमाणे द्यावे, ही विनंती.
>
> कंपनीच्या पटावरील ८ जणांसाठी : जॅकेट-पँट सूट ४ (प्रत्येकी ८५० रुपये), महिलांसाठी पुढून बटणांचे लांब कोट ४ (प्रत्येकी ६०० रुपये), गमबूट ८ जोड (प्रत्येकी ४०० रुपये), काठाच्या सुती टोप्या ५ (प्रत्येकी १८० रुपये), हेल्मेटला लावायच्या मानेच्या झालरी ३ (प्रत्येकी १२० रुपये). एकूण १०,२६० रुपये.
>
> एजन्सीच्या ७ गार्डसाठी : सूट ७ व टोप्या ७. एकूण ७,२१० रुपये. ही रक्कम कोणी द्यायची याचा निर्णय आपण घ्यावा. तोपर्यंत वरील ८ जणांची खरेदी थांबू नये, ही विनंती.
>
> दर जीएसटीसह आहेत. कोटेशन व प्रत्येकाच्या मापाची यादी सोबत जोडली आहे. साहित्य मिळाल्यावर नावानिशी नोंद करून सही घेईन आणि एक सूट नमुना म्हणून आधी तपासून मगच बाकीचा माल उतरवून घेईन.
>
> आपला विश्वासू,
> सुपरवायझर (यार्ड व परिसर)

---

जुना स्टोअरकीपर · २६ एप्रिल, रात्री ९:३०

चांगलं झालंय. बेरीज तपासली, बरोबर आहे. कोट कुठं वाळवणार हे मात्र नाही. पाळी संपल्यावर ओला कोट घडी घालून लॉकरमध्ये कोंबला की आठ दिवसांत आतला थर चिकटतो, उलगडताना सुटून येतो. गेटच्या मागच्या पत्र्याखाली एक लांब दांडा आणि १५ हँगर, एवढी ओळ घाला. भर उन्हातही वाळवू नका, ताठरतो.

---

बागेतली मुकादम · २६ एप्रिल, रात्री ९:४५

आणि "महिलांसाठी लांब कोट" असं नुसतं लिहिलंत तर दुकानदार गुडघ्यापर्यंतचा देईल. लांबी इंचात लिहा.

---

यार्डवाला · १२ मे, रात्री ९:०५

मंडळी, कळवायला उशीर झाला. दांडा आणि लांबी घालून २७ तारखेला पत्र दिलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. पोंचो असताना पुन्हा का, असं विचारतील म्हणून फाटलेला पोंचो बरोबर नेला होता, पण त्यांनी विचारलंच नाही. काट्यावर कोण होता एवढंच विचारलं, आणि आठांच्या रकमेवर सही केली. पगारातून कापायचा विषय निघाला नाही. टोप्या आणि झालरी ८ मेला आल्या. परवा दुपारी वळीव आला तेव्हा नाडी बांधली असल्यानं एकही उडाली नाही.

सात गार्डचं अजून लटकलंय. वर्कऑर्डरमध्ये "आवश्यक युनिफॉर्म एजन्सी पुरवेल" एवढंच लिहिलंय. रेनकोट युनिफॉर्ममध्ये येतो की नाही यावर एचआर आणि एजन्सी दोघांचे मेल चालू आहेत. मी दर सोमवारी आठवण देतो.

---

शिरोलीकर · १२ मे, रात्री ९:३०

गार्डचं काम बघता रेनकोट युनिफॉर्ममध्येच धरला पाहिजे. ७ जूनपर्यंत झालं नाही तर मला कळव. यावर मी अजूनही ठाम आहे.

---

जुना स्टोअरकीपर · १३ मे, सकाळी ६:५०

२५ मेपर्यंत वाट बघा. नाही झालं तर साहेबांना एका ओळीचं पत्र द्या, की कंपनीनं आता घ्यावं आणि एजन्सीच्या बिलातून वळतं करायचं की नाही ते नंतर ठरवावं. काही ठिकाणी हे चालतं, काही ठिकाणी अकाउंट्स अडवतात. तुमच्याकडचं मी सांगू शकत नाही.

---

यार्डवाला · १३ मे, रात्री ८:४०

देतो काका. आता एक अडचण राहिलीय. चारपैकी दोघी बायकांचा पाय ३ आणि ४ नंबरचा आहे. गमबूट ५ च्या खाली मिळेना. मोठा बूट दिला तर चिखलात पाय वर येतो आणि बूट खाली राहतो. कुठं मिळेल कुणाला माहीत आहे का?

---

बागेतली मुकादम · १३ मे, रात्री ९:१०

माझ्याकडच्या तिघींना शाळेच्या मुलांचे गमबूट घेतले होते, त्यात ३ आणि ४ नंबर येतात. उंचीला थोडे कमी असतात, पण झाडलोटीला पुरतात. घेताना तळ बघा, मुलांच्या बुटाचा तळ गुळगुळीत असतो, खाचांचा निवडून घ्या. दुकानात दोघींना घेऊन जा, मोज्यासकट घालून चालून बघू देत.

---

यार्डवाला · १३ मे, रात्री ९:२५

शनिवारी दोघींना घेऊन जातो, ताई.